परदेशातल्या मुलाला वाढदिवसाचा मेसेज: बाबांनी चार ओळींत कसा लिहावा

हे लिहितोय ते ज्यांचा मुलगा तिशीच्या आसपासचा आहे, बाहेर नोकरी करतोय, आणि जे स्वतः फार बोलणारे नाहीत अशा बाबांसाठी. आमच्या ठाण्यात असे बाबा प्रत्येक सोसायटीत आहेत, नवी मुंबईत तर नेरुळ सीवूड्सकडे एकेका मजल्यावर दोन दोन घरं अशी की मुलगा बाहेर आणि आईबाबा इथे. मी स्वतः बरीच वर्षं जर्मनीत काढून परत आलोय, त्यामुळे असे मेसेज तिकडे बसून वाचलेत, आणि आता इकडे शेजारचे काका लोक वाढदिवस जवळ आला की फोन पुढे करतात, जरा बघ रे बरोबर आहे का. त्यातून जे कळलं ते सगळं सविस्तर सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे पुढचं सोपं जाईल. मेसेज छोटा असल्यामुळे कोरडा होत नाही, तो कोणत्याही बापाने कोणत्याही मुलाला पाठवला तरी चालला असता असा असला की कोरडा होतो. म्हणून त्यात एक तरी गोष्ट अशी पाहिजे जी फक्त तुमच्या घरातली आहे, बाकी शब्द कितीही कमी असू देत.

लिहायला बसायच्या आधी वेळ ठरवून घ्या. रात्री बाराला पाठवायची घाई बाबांनी करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. बाराला मित्रांचे मेसेज येतात, फॅमिली ग्रुपवर केक आणि फुगे सुरू होतात, मावशी आत्या सगळ्यांचे फॉरवर्ड येतात, त्या गर्दीत तुमच्या चार ओळी कुठे जातील कळणार पण नाही. मुलगा सकाळी उठून पहिल्यांदा फोन हातात घेतो ना, चहा कॉफी व्हायच्या आधी, तेव्हा तुमचा मेसेज वरच दिसला पाहिजे. म्हणजे साधारण त्याच्या सकाळी सात वाजता पाठवायचा.

आता त्याच्या सकाळी सात म्हणजे आपल्याकडे किती, ते कागदावर लिहून ठेवा कारण यातच गोंधळ होतो. जर्मनी आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार तास मागे असतं आणि उन्हाळ्यात साडेतीन, कारण तिकडे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे. म्हणजे नोव्हेंबरात त्याचे सकाळचे सात हे आपले साडेअकरा, आणि जूनमधे साडेदहा. न्यूयॉर्कला मुलगा असेल तर हिवाळ्यात आपल्या संध्याकाळी साडेपाचला पाठवायचा, कॅलिफोर्नियात असेल तर रात्री साडेआठला, उन्हाळ्यात दोन्हीकडे एक तास आधी. दुबई दीडच तास मागे आहे, तिथे काही अवघड नाही. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे, त्यामुळे तुम्ही पहाटे उठणारे असाल तर उठल्या उठल्या पाठवा, तो ऑफिसला निघेपर्यंत पोचतो. सिडनीचं जरा वेगळं आहे, ते साडेचार ते साडेपाच तास पुढे असतं, तेव्हा आदल्या रात्री अकराला झोपताना पाठवला तरी तिकडे तारीख बदलून पहाट व्हायला आलेली असते.

अमेरिकेच्या बाबतीत उलटा प्रकार होतो, आपल्याकडे रात्री बारा वाजले म्हणून उत्साहाने पाठवायला जावं तर तिकडे आदल्या दिवशीची सकाळ किंवा दुपार असते, तो मीटिंगमधे बसलेला असतो, बघतो आणि राहून जातं. जर्मनीत तर वाढदिवसाच्या आधीच शुभेच्छा देणं अशुभ मानतात, आपल्या मुलाला त्याचं काही नसेल पण तिकडच्या मित्रांसमोर तो ते पाळायला लागलेला असतो. वेळ एकदा ठरली की फोनमधे गजर लावून ठेवा.

आणि पाठवायचा तो त्याच्या एकट्याच्या चॅटवर. ग्रुपवर नाही. ग्रुपवर तुम्ही बाकीच्यांसारखं एक ओळीचं अभिनंदन टाका हवं तर, पण खरा मेसेज वेगळा, कारण ग्रुपवर लिहिताना माणूस नकळत काकू आणि व्याही वाचणार म्हणून लिहितो.

आता मुख्य काम, ते म्हणजे मजकूर कुठून आणायचा. बरेच जण त्या दिवशी सकाळी फोन घेऊन बसतात, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा एवढं टाईप होतं आणि पुढे सुचत नाही, मग सुचत नाही म्हणून नेहमीची वाक्यं येतात, मोठा हो, यशस्वी हो, नाव काढ. त्यापेक्षा आठ दहा दिवस आधीपासून एक छोटी वही किंवा कॅलेंडरचं मागचं पान जवळ ठेवा आणि दिवसभरात मुलाची आठवण ज्या ज्या गोष्टीवरून आली ती गोष्ट फक्त लिहून ठेवा. भावना लिहायची नाही, गोष्ट लिहायची. गडकरीला नाटकाला गेलो, तो लहान असताना पहिलं बालनाट्य इथेच बघितलेलं. मामलेदारच्या मिसळीच्या टेबलावर शेजारी कॉलेजची पोरं होती. वाशी लोकलमधे ऐरोलीला एक मुलगा चढला, बॅग त्याच्यासारखीच पुढे लावलेली. कपाट आवरताना दहावीचं हॉलतिकीट सापडलं. असं. वाढदिवसापर्यंत पाच सात ओळी जमतात, त्यातली एकच वापरायची आहे.

कुठली वापरायची हे निवडताना मी तीन गोष्टी बघतो. ती त्याला पण आठवणारी पाहिजे, म्हणजे समजावून सांगायला लागता कामा नये, कारण समजावायला लागलात की चार ओळींच्या बारा होतात. दुसरं म्हणजे ती अलीकडची पाहिजे, या महिन्यातली, कारण जुन्या आठवणी सगळेच सांगतात पण बाबांनी परवा काय केलं हे त्याला कोणी सांगत नाही आणि तिकडे बसलेल्या माणसाला नेमकं तेच ऐकायचं असतं, घर अजून चालू आहे, बाबा बाहेर पडतायत, हालचाल आहे. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, ती वाचून त्याला अपराधी वाटता कामा नये.

या तिसऱ्या मुद्द्यावर जरा थांबतो कारण इथेच चांगले चांगले मेसेज फसतात. तुझी खोली रिकामी रिकामी वाटते, गणपतीत तुझी जागा मोकळी होती, तुझ्याशिवाय घर खायला उठतं, ही वाक्यं खरी असतात, प्रेमाने लिहिलेली असतात, पण वाढदिवसाच्या सकाळी परक्या गावात एकट्याने ती वाचल्यावर मुलगा दिवसभर ते ओझं घेऊन फिरतो. त्याला काही करता येत नाही ना, तिकीट काढून संध्याकाळपर्यंत येऊ शकत नाही. ओळखायचं कसं? वाक्यात तो नाहीये हे सांगितलंय की तुम्ही काहीतरी केलंय हे सांगितलंय ते बघा. पहिलं असेल तर काढा. तीच गोष्ट तुमच्या कृतीतून सांगता येते का बघा, बहुतेक वेळा येते.

एक खरं उदाहरण सगळं दाखवतो, म्हणजे कसं कापत जायचं ते कळेल. आमच्या नौपाड्यातले एक काका, वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून रिटायर झालेले, मुलगा स्टुटगार्टला गाड्यांच्या क्षेत्रात इंजिनिअर. घरात त्याला दादू म्हणतात, बहिणीमुळे पडलेलं नाव. नोव्हेंबरात त्याला 31 पूर्ण होणार होती. काकांनी लिहिलेला पहिला मेसेज असा होता, त्यांना विचारूनच इथे देतोय.

"प्रिय दादू, तुला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. आज तू 31 वर्षांचा झालास, दिवस कसे गेले कळलं नाही. खूप मोठा हो, यशस्वी हो. आम्हाला तुझा खूप अभिमान आहे. तिकडे थंडी सुरू झाली असेल, तब्येतीची काळजी घे, बाहेरचं खाऊ नकोस, वेळेवर झोप. आई तुझी फार आठवण काढते. आता यावर्षी तरी लग्नाचं मनावर घे. देव तुला सुखी ठेवो. तुझे बाबा."

यात वाईट काहीच नाही, पण दादूने मला नंतर सांगितलं की दरवर्षी साधारण हाच येतो आणि तो काळजी घे पर्यंत आला की पुढचं वाचायच्या आधीच त्याला माहीत असतं. आम्ही एका संध्याकाळी बसून एकेक ओळ घेतली.

पहिल्यांदा गेली ती लग्नाची ओळ. वाढदिवसाच्या मेसेजमधे प्रश्न नको आणि मागणी पण नको, कारण प्रश्न आला की त्याला उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर तयार नसेल तर तो मेसेजलाच उत्तर द्यायचं टाळतो. लग्नाचं बोलायचंच असेल तर वर्षाचे बाकी 364 दिवस आहेत. मग गेल्या सगळ्या सूचना, थंडी, खाणं, झोप. काका म्हणाले अरे पण काळजी वाटते म्हणून लिहितो ना. ते खरंच आहे, पण 31 वर्षांच्या माणसाला वेळेवर झोप लिहिलं की त्यातली काळजी वाचली जात नाही, सूचनाच वाचली जाते. सूचना फोनवर बोलताना द्या, तिथे आवाज असतो, तो आवाजातून समजतो.

मग आली आईची ओळ, आणि इथे जरा वेळ गेला. आपल्याकडे बाबा लोक स्वतःची आठवण नेहमी आईच्या नावावर टाकतात, आई आठवण काढत होती, आईला करमत नाही. मी काकांना सरळ विचारलं, आठवण कोणाला येते? ते काही बोलले नाहीत. काकू आतून म्हणाल्या, माझं मी सांगते त्याला, व्हिडिओ कॉलवर ओवाळते पण, तुम्ही तुमचं लिहा. ओळ गेली.

अभिमान वाटतो हे वाक्य काढायला काकांना जड गेलं. ते खोटं नव्हतंच, फक्त ते त्यांच्या तोंडचं नव्हतं, घरात त्यांनी हा शब्द कधी उच्चारलेला काकूंना आठवत नव्हता. अशा वेळी करायचं काय, तर तो अभिमान शेवटचा कधी वाटला ते विचारायचं, कुठे, कोणासमोर. काका म्हणाले परवा बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलेलो, काउंटरवरच्या मुलीने विचारलं मुलगा काय करतो. मग? मग काय, सांगितलं. सांगताना कसं वाटलं? बरं वाटलं. बस, हेच लिहायचं. बरं वाटलं हे त्यांच्या तोंडचं आहे, आणि जो बाप कधी काही बोलत नाही त्याच्याकडून बरं वाटलं वाचताना मुलाला पुरेपूर पोचतं.

आता घरातली ती एक गोष्ट. काकांच्या कॅलेंडरवर सायकल होती. दादूची कॉलेजातली सायकल अजून पार्किंगमधे उभी आहे आणि काकांनी त्या रविवारी ती पुसून हवा भरलेली. पहिल्यांदा त्यांनी लिहिलं, "तुझी सायकल अजून खाली उभी आहे, तुझी वाट बघते." बघा, झालं ना तेच, तो नाहीये हे सांगणारं वाक्य. मी विचारलं हवा भरून पुढे काय केलंत, तर म्हणाले चालवून बघितली, तलावपाळीपर्यंत गेलो, एक चक्कर मारून आलो. तेच लिहा म्हटलं. चालवून आलो म्हटल्यावर त्यात बाबांची तब्येत पण कळली, ठाणं पण आलं, आणि सायकल पाच वर्षं जपून ठेवली आहे हे न लिहिता आलं.

शेवटी जो मेसेज गेला तो हा:

"दादू, वाढदिवसाचे अनेक आशीर्वाद.
रविवारी तुझी सायकल पुसून हवा भरली. तलावपाळीला एक चक्कर मारून आलो. अजून छान चालते.
परवा बँकेत एकीने विचारलं मुलगा काय करतो. सांगताना बरं वाटलं.
बाबा"

एवढंच. एकोणतीस शब्द. आठवण हा शब्द नाही, प्रेम नाही, अभिमान नाही, आणि तरी तिन्ही आहेत.

सुरुवात आणि शेवट याबद्दल थोडं. प्रिय हा शब्द मुलाशी बोलताना तुम्ही वापरत नसाल तर लिहू नका, जी हाक घरात मारता तीच लिहा. काही जणांना चि. लिहायची सवय असते, पूर्वी पत्रात लिहायचो तसं, ते छानच दिसतं, ठेवा. शुभेच्छा आणि आशीर्वाद यात मी बाबांना आशीर्वादच लिहायला सांगतो कारण शुभेच्छा तर त्याला बँक आणि मोबाईल कंपनी पण पाठवते. शेवटी तुझे बाबा, तुझेच बाबा वगैरे नको, नुसतं बाबा, किंवा तो आप्पा म्हणत असेल तर आप्पा. घरात आगरी किंवा मालवणी बोलत असाल तर मेसेज पण तसाच लिहा, पुस्तकी मराठी करत बसू नका, मुलाला तुमचा आवाज ऐकू आला पाहिजे.

उद्गारचिन्हं एक पण नको, आणि वाक्य संपलं की तीन तीन टिंबं देतात ती पण नकोत, त्याने उगाच काहीतरी राहून गेल्यासारखं, दुःखी वाटतं. इमोजी नको असं नाही पण तुम्ही एरवी टाकत नसाल तर त्या दिवशीच एकदम लाल हृदय आलं की त्याला काळजी वाटेल, घरी सगळं ठीक आहे ना. आणि गुलाबाचं चित्र, दिवा, सुविचार असलेली तयार इमेज मेसेजच्या खाली चुकूनही जोडू नका, वरच्या चार ओळींचं सगळं केलेलं जातं.

टाईप करायचं टेक्निकल थोडं. मजकूर थेट मुलाच्या चॅटमधे लिहू नका, अर्धवट असताना बोट लागतं आणि जातो. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवायची सोय आहे, स्वतःच्या नंबरचं चॅट उघडून तिथे लिहा, एक रात्र राहू द्या, सकाळी वाचा, मग कॉपी करून तिकडे टाका. जीबोर्डवर माईकचं बटण दाबून मराठीत बोललं तरी टाईप होतं, ज्यांना अक्षरं शोधायला त्रास होतो त्यांनी हे जरूर करावं, फक्त पूर्णविराम आणि ओळी नंतर हाताने टाकायच्या. पाठवल्यावर चूक दिसली तर 15 मिनिटांच्या आत एडिट करता येतं. डिलीट करू नका, तिथे मेसेज डिलीट केला अशी खूण राहते आणि मुलगा दिवसभर विचार करतो काय होतं त्यात.

पाठवायच्या आधी मोठ्याने वाचा, शक्यतो बायकोसमोर. जे वाक्य जेवणाच्या टेबलावर तोंडातून निघणार नाही ते मेसेजमधे पण नको. वाचताना एखाद्या वाक्यावर स्वतःलाच अवघडल्यासारखं झालं तर ते एक तर उसनं आहे किंवा फार मोठं आहे.

एक वेगळी परिस्थिती सांगायला हवी. मुलाचं वर्ष वाईट गेलं असेल, म्हणजे नोकरी गेली, किंवा घरात काही बिनसलं, तर सायकलचा मेसेज तसाच पाठवू नका, त्याला वाटेल बाबांना काही समजलंच नाही. अमेरिकेत एच वन बी व्हिसावर असलेल्या मुलाची नोकरी गेली की दुसरी शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात, त्या काळात वाढदिवस आला तर तो आनंदी मेसेज वाचण्याच्या मनःस्थितीत नसतो. तेव्हा आशीर्वादानंतर एक ओळ, "हे वर्ष सोपं नव्हतं, कल्पना आहे." आणि त्यापुढे, जर मनापासून म्हणत असाल तर, "काहीही ठरव, आम्ही आहोत." इथे थांबायचं. पुढे काय झालं, कुठे अर्ज केलास, परत ये, यातलं काहीच नाही. आणि जर तुमचं आणि त्याचं भांडण झालेलं असेल, बोलणं बंद असेल, तर आठवणीची गोष्ट पण नको, कारण तो त्यात अर्थ शोधेल. नुसतं हाक, आशीर्वाद, बाबा. तीन चार शब्दांचा मेसेज अशा वेळी पुरतो, आणि पुढच्या वर्षी पण तो वेळेवर जाईल हे बघायचं.

पाठवल्यानंतरचं राहिलं. निळ्या टिका दिसल्या की लगेच फोन लावू नका, आणि बघितलास का असं तर अजिबात विचारू नका. दादूचं उत्तर दोन तासांनी आलं, "थँक्स बाबा. ब्रेक पण चेक करा." काकांना ते कमी वाटलं, पण त्यांचा मुलगा त्यांच्यासारखाच आहे, त्याने सायकलची काळजी केली म्हणजे कोणाची केली ते उघड आहे. अशा उत्तरावर परत भलं मोठं लिहायचं नाही, काकांनी "करतो" एवढं लिहिलं ते बरोबर केलं.

फोन त्याच दिवशी करायचा, पण नंतर. जर्मनीतल्या मुलाची संध्याकाळ आपल्याकडे मध्यरात्रीच्या जवळ जाते, शिवाय तिकडे ज्याचा वाढदिवस त्यानेच ऑफिसमधे केक न्यायचा असतो आणि संध्याकाळी मित्र असतात, म्हणून त्याच्या जेवणाच्या सुट्टीत, म्हणजे हिवाळ्यात आपल्या पाचच्या सुमाराला पाच मिनिटं बोला. थंडीचं, खाण्याचं सगळं तेव्हा विचारा.

पाठवलेला मेसेज त्याच वहीत तारीख घालून उतरवून ठेवा. पुढच्या वर्षी लिहायला बसाल तेव्हा आधी तो वाचायचा, म्हणजे सायकल आणि बँक परत येणार नाहीत. दादूला 32 होतील तेव्हासाठी काकांनी ब्रेक बदलल्याची पावती आत्ताच वहीत ठेवली आहे, पण ती चालणार नाही असं मी त्यांना सांगितलंय, सायकल एकदा झाली, आता दुसरं काहीतरी शोधा.